कान दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला का?

"ताई, वय १९, गाव दिंडोरीकडे, नाशिकला पंचवटीत खोली घेऊन राहतो, कॉलेज आणि तालीम. बुधवारी संध्याकाळी सरावात पट काढताना उजवा कान पार्टनरच्या मांडीवर जोरात घासला. रात्रीतून वरचा भाग फुगला, जांभळा पडला. आज शुक्रवार, दुखणं बरंच कमी झालंय. वस्ताद म्हणतात कान मोडल्याशिवाय पैलवान होत नाही. आमच्यातला एक सीनियर सुईने रक्त काढून देतो. रविवारी जत्रेत माझी कुस्ती जोडलीय, म्हणून म्हटलं आधी कुस्ती, मग सोमवारी डॉक्टरचं बघू. खरं सांगू, मोडलेला कान थोडा भारी पण वाटतो. आई मात्र रडतेय. चुकतोय का मी?"
– एक मल्ल

पैलवान,

तुझं पत्र शुक्रवारी रात्री वाचलं आणि सदराची वाट न बघता लगेच दोन ओळी पाठवल्या, की उद्या सकाळीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, रविवारची कुस्ती सोड. उत्तर आलं नाही, म्हणजे गेलास की नाही मला माहीत नाही. आज मंगळवार, मार लागल्याला सहा दिवस झाले. म्हणून दोन्ही धरून लिहितेय, गेला असशील तर पुढचे दिवस कसे काढायचे, आणि गेला नसशील तर आजचा दिवस का घालवायचा नाही. नाशिकमध्ये वीसेक वर्षं कान-नाक-घशाची ओपीडी करते, तालमीतली आणि बॉक्सिंगची पोरं येतात, आणि बहुतेक सगळी एकाच कारणाने उशिरा येतात, ते कारण तुझ्या पत्रात आहे. दुखणं कमी झालं.

तर आधी त्याचंच बोलू. फुगलेला कान सुरुवातीला दुखतो कारण आत ताजं रक्त भरतंय आणि वरची कातडी ताणली जातेय. कानाच्या पुढच्या बाजूची कातडी आतल्या कुर्चेला, आपण मऊ हाड म्हणतो तिला, अगदी घट्ट चिकटलेली असते, मागच्या बाजूसारखी सैल नसते, त्यामुळे थोडं रक्त साठलं तरी ताण खूप येतो. दोन-तीन दिवसांत रक्त यायचं थांबतं, आहे ते गोठायला लागतं, कातडीलाही ताणाची सवय होते आणि ठणका उतरतो. रक्त मात्र तिथेच असतं. म्हणजे तुला जे बरं होणं वाटलं ते रक्त घट्ट होणं आहे, आणि घट्ट झालेलं रक्त सुईतून येत नाही. म्हणून दुखण्यावर नको जाऊस, बोटावर जा. स्वच्छ हाताने फुगीर भाग हलकेच दाबून बघ. पिकलेल्या द्राक्षासारखा दबला आणि आत पातळ काहीतरी हललं तर बहुतेक अजून पातळ रक्त आहे. कणकेच्या गोळ्यासारखा लागला तर गोठलंय. आणि खालच्या हाडासारखा कडक लागायला लागला तर आत नवीन कुर्चा धरायला लागलीय. फक्त सूज असेल, म्हणजे कान लाल आणि जाड झालाय पण वरचे खळगे-वळणं अजून दिसतात, तर ते नुसतं मुका मार लागल्यासारखं असू शकतं. वळणं भरून सपाट झाली, कानाच्या बाहेरच्या कडेमधला आणि आतल्या उंचवट्यामधला खळगाच गायब झाला, की रक्त साठलंय असं धरून चालायचं.

आता आत झालंय काय. बाहेरचा कान म्हणजे वाकडीतिकडी कुर्चा, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी एक पातळ अस्तर, मग कातडी. कुर्चेच्या आत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं सगळं पोषण त्या अस्तरातून झिरपतं. तू पट काढायला डोकं घातलंस आणि कान मांडीवर दाबून घासला, तेव्हा कातडी आणि अस्तर एका बाजूला सरकलं, कुर्चा जागेवर राहिली, आणि दोघांच्या मधे फट पडून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फाटल्या. बॉक्सरला हेच हुकचा ठोसा कानावरून तिरका सरकला की होतं. सरळ ठोशापेक्षा घासून जाणारा मार जास्त वाईट, आणि तालमीत खडाखडीला मान धरताना, घिस्सा मारताना घासणं काही चुकत नाही. ओल आलेल्या भिंतीचं प्लॅस्टर कसं फुगून विटेपासून सुटतं, तसं हे अस्तर सुटतं. फरक एवढाच की विटेला प्लॅस्टरमधून जेवण मिळत नाही, कुर्चेला मिळतं. अस्तर सुटलं की त्या भागाची कुर्चा उपाशी मरायला लागते, आणि वर सुटलेलं अस्तर गप्प बसत नाही, ते साठलेल्या रक्ताच्या जागी स्वतःच नवीन तंतू आणि कुर्चा बनवायला लागतं, जशी जमेल तशी, गाठीगाठीची. तोच तुमचा मोडलेला कान. इंग्रजीत त्याला कॉलीफ्लॉवर इअर म्हणतात कारण फुलकोबीसारखा दिसतो. कान "मोडतो" हा शब्दच थोडा फसवतो, कारण मार लागल्याक्षणी सहसा काहीच मोडलेलं नसतं. तो नंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत मोडतो, आपल्या डोळ्यांदेखत, आणि तेवढे दिवस तो वाचवता येतो.

वेळेचा हिशेब असा. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्त बऱ्यापैकी पातळ असतं, गोळा लहान असेल, साधारण दोन सेंटिमीटरच्या आत, तर जाड सुईने ओढून काढता येतं. त्यापुढे किंवा गोळा मोठा असेल तर बारीक चीर देऊन गुठळ्या धुवून काढाव्या लागतात, ते साधारण सात दिवसांपर्यंत नीट जमतं. सात दिवस उलटले की आत नवीन मांस धरलेलं असतं, मग नुसतं काढून भागत नाही, उघडून खरवडावं लागतं, आणि ते करूनही कान पहिल्यासारखा येईल याची खात्री देता येत नाही. काही महिन्यांनी एकदा गाठी पक्क्या झाल्या की उरते ती प्लॅस्टिक सर्जरी, कुर्चा तासून आकार देण्याची, आणि खेळणाऱ्या पोराला ती कुस्ती सोडल्यावर कर असंच मी सांगते, कारण पुन्हा घासला की पुन्हा तेच. सातव्या दिवशी रात्री बारा वाजता काही दार बंद होत नाही, पण रोज ते थोडं थोडं लोटलं जातं हे खरं.

एका पोराची गोष्ट सांगते, ओळख लपवून. सतरा वर्षांचा, नाशिकरोडकडचा, सोमवारी संध्याकाळी मॅटवर मार लागला आणि मंगळवारी संध्याकाळी बापाबरोबर माझ्याकडे आला. डावा कान, वरचा निम्मा भाग जांभळा आणि सपाट, दाबला की पाणी हलल्यासारखं. आधी ऐकू येतंय का, पडदा फाटलाय का, चक्कर-उलटी आहे का, कानामागे निळं पडलंय का हे बघितलं, कारण एवढा मार डोक्यालाही बसलेला असू शकतो. मग कानाच्या मुळाशी गोल फिरवून भूल दिली, लिग्नोकेनची, ती सुई चुरचुरते पण नंतर काही कळत नाही. कानाच्या नैसर्गिक घडीत, वळणाच्या सावलीत लपेल अशी अर्धा सेंटिमीटरची चीर दिली. चारेक मिली काळपट रक्त आलं, पातळ, आणि त्यामागून जांभळाच्या गरासारख्या दोन गुठळ्या, चोवीस तासांतच. सलाइनने आत धुतलं.

इथपर्यंत पंधरा मिनिटं. पण खरं काम पुढे असतं आणि तेच सगळे विसरतात. रक्त काढलं म्हणजे फट रिकामी झाली, चिकटली नाही. तशीच सोडली तर काही तासांत पुन्हा भरते. म्हणून दातांचे डॉक्टर तोंडात ठेवतात तसे कापसाचे छोटे रोल कानाच्या पुढे आणि मागे ठेवून नायलॉनच्या टाक्याने आरपार बांधले, म्हणजे अस्तर आणि कुर्चा सँडविचसारखी दाबून धरली. काही डॉक्टर रोलऐवजी कानाच्या आरपार गोधडीसारखे टाके घालतात, काही सिलिकॉनची पट्टी लावतात, पद्धत कुठली का असेना दाब कानाच्या आकाराने बसला पाहिजे आणि आठवडाभर टिकला पाहिजे. नुसतं डोक्याला गोल बँडेज गुंडाळलं तर खळग्यात दाब पोचतच नाही.

बुधवारी बघितलं, छान होतं. गुरुवारी आला तर रोलच्या खालच्या कडेला पुन्हा फुगवटा. विचारलं तेव्हा बाप म्हणाला घरीच होता, पोरगा खाली बघत होता. तालमीत "नुसता बघायला" गेलेला आणि दोन मिनिटं मान धरून बघितली. पुन्हा चीर उघडली, दीडेक मिली निघालं, पुन्हा बांधलं. मी रागावले नाही, कारण हे होतंच, पहिले तीन-चार दिवस रोज येऊन दाखवायला सांगते ते याचसाठी. आठव्या दिवशी रोल काढले, दोन आठवड्यांनी इअर गार्ड लावून सराव सुरू. सहा महिन्यांनी खालच्या कडेला, जिथे दुसऱ्यांदा भरलं तिथे, बोटाला लागेल एवढा जाडपणा आहे. वरचा भाग, जो एकदाच भरला, तो कुठला ते ओळखू येत नाही. एकाच कानावर दोन्ही प्रकार बघायला मिळाले.

आता तुझ्या सीनियरचं. तो चांगल्या मनाने करतो यात मला शंका नाही, आणि रक्त काढलं पाहिजे हे त्याला कळलंय, तेवढं तर कित्येक शिकल्यासवरल्यांना कळत नाही. पण तो काढतो आणि दाब कोण देतो? तो सुई मारतो, कान सपाट होतो, सगळे खूश, सकाळी कान परत फुगलेला, परत सुई. प्रत्येक वेळी एक नवीन भोक, आणि हाताला आखाड्याची माती. कुर्चेला रक्तपुरवठा नाही म्हणजे जंतूंशी लढायला तिथे फौज पोचत नाही, आणि औषधही सावकाश पोचतं. एकदा पू झाला की कुर्चा विरघळते आणि मग कान गाठाळत नाही, आकसतो, ते कॉलीफ्लॉवरपेक्षा वाईट. ओळखायची खूण सांगून ठेवते: अख्खा कान लालबुंद, गरम, हात लावू देत नाही, ताप, पण खालची पाळी मात्र नेहमीसारखी, कारण पाळीत कुर्चा नसते. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र काढायची नाही. आणि एकच सिरिंज दोघा-तिघांना वापरली जात असेल तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळं त्या सुईबरोबर फिरतं. हे तुझ्या सीनियरला नीट, मान ठेवून सांग. कुणी आधीच अशी सुई घेतली असेल तर लपवू नका, रक्त तपासून घ्या, आणि कावीळ बीची लस घेतली नसेल तर घ्या.

आणि वस्ताद. मी त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही. त्यांच्या काळात गावात कान उघडून देणारं कुणी नव्हतं, दोन पर्याय होते, कान मोडू द्या किंवा कुस्ती सोडा, त्यांनी कुस्ती धरली. कान त्या धरण्याची खूण झाला. ही खूण खूप जुनी आहे रे, रोममध्ये १८८५ साली जमिनीतून एका बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा काशाचा ग्रीक पुतळा सापडला, त्याचेही कान असेच सुजून गाठाळलेले आहेत. म्हणजे भारी वाटणं मला समजतं. पण पटात किती वेगाने शिरतोस ते कानावरून कळत नाही, कान किती वेळा घासला आणि किती वेळा कुणी उघडला नाही एवढंच कळतं. आणि त्या कानाचं पुढे काय होतं ते ओपीडीत मला दिसतं: गाठ वाढून कानाचं भोक अरुंद झालेला चाळिशीतला माणूस, मळ अडकून सारखा कान बंद, हेल्मेट घातलं की ठणका, चष्म्याची काडी बसत नाही. तुला पुढे पोलीस किंवा आर्मी भरतीचा विचार असेल तर मेडिकलला कान बघतात हेही डोक्यात ठेव. सगळं माहीत असून कान तसाच ठेवायचा असेल तर तो तुझा निर्णय, तू १९ चा आहेस. फक्त तो निर्णय तू घे, दुखणं थांबलं म्हणून आपोआप होऊ देऊ नको.

रविवार गेला, पण पुढच्या जत्रेला हाच प्रश्न येणार, तुला किंवा तुझ्यासारख्या दुसऱ्याला, म्हणून सांगते. फुगलेल्या कानाने लढलास तर अस्तर आधीच सुटलेलं आहे, दुसरा घसारा लागला की फट वाढते, शुक्रवारी द्राक्षाएवढं असलेलं सोमवारी अख्खा कान भरून येतं. रक्त काढून दुसऱ्या दिवशी लढलास तर त्याहून वाईट, कारण चिकटायला लागलेलं सगळं पुन्हा सुटतं. साधारण दहा ते चौदा दिवस कानाला घासणी नको, हे मी सगळ्यांना सांगते. एखाद्याची खरंच निवड चाचणी असते, वर्षातून एकदा येणारी, तर काही पोरं समजून-उमजून गार्ड लावून लढतात आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उघडायला येतात, मी त्यांना हाकलत नाही, कान थोडा बिघडेल हे आधी तोंडावर सांगते. जत्रेच्या इनामासाठी मात्र मी माझ्या भावाला पाठवलं नसतं. आणि भावाचं म्हणतेय ते उगाच नाही. त्याच्या कानातलं रक्त एका ठिकाणी वेळेत काढलं होतं, दुसऱ्याच दिवशी, पण वर फक्त चिकटपट्टी लावून "आठ दिवसांनी दाखवा" म्हणून घरी पाठवलं. आठ दिवसांनी तो कान दगड झाला होता. मी तेव्हा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मलाही कळलं नाही. म्हणून डॉक्टरला विचारायचं: वरून दाब कसा देणार, आणि उद्या कधी दाखवू?

घरी काय करायचं ते थोडक्यात. मार लागला की लगेच सराव थांबवून फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थोडं थांबून पुन्हा, रक्त कमी साठतं. बर्फाने साठलेलं रक्त जात नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नको. गरम शेक, गरम हळदीचा लेप, तेल लावून चोळणं हे पहिल्या दिवसांत नको, रक्तस्राव वाढतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन-ब्रुफेन स्वतःहून घेऊ नको, त्याने रक्त जास्त वाहू शकतं. कातडी फुटून माती गेली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. अँटिबायोटिक लागतं का आणि कुठलं ते डॉक्टर ठरवेल, मेडिकलवाल्याला विचारून नको. भिकबाळी घालत असशील तर सरावाआधी काढत जा, तिच्यात बोट अडकून कान फाटलेला मी बघितलाय. आणि मार लागल्यावर ऐकू कमी येत असेल, कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, चक्कर, उलटी, झोपाळलेपणा, तर कानाचा प्रश्न बाजूला, थेट कॅज्युअल्टी.

गार्डचं एक. आपल्याकडे मातीत कुणी लावत नाही, लाजतात. अमेरिकेत कॉलेज कुस्तीत कित्येक वर्षं इअर गार्डशिवाय मॅटवर उतरूच देत नव्हते. सरावात लाव, निदान सरावात, कारण कान जास्त करून सरावातच जातात, कुस्ती दहा मिनिटांची आणि सराव रोज दोन-तीन तासांचा. पट्टा घट्ट पाहिजे, सैल गार्ड सरकून स्वतःच कान घासतो. बॉक्सिंगच्या पोरांनाही हेच, हेडगार्डच्या आत कान दुमडलेला राहिला नाही ना ते एकदा बोट घालून बघत जा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपासून मोठ्या पुरुष बॉक्सरना हेडगार्डशिवाय रिंगमध्ये बघून आपली पोरं स्पारिंगलाही काढायला लागलीत, ते करू नका.

शनिवारी गेला असशील आणि कानावर रोल बांधलेले असतील तर ते ओले करू नको, खाज आली तरी हात नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, आणि रोलच्या कडेला नवीन फुगवटा किंवा ठणका वाढला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. तालमीत बघायलाही जाऊ नको, आठवडाभर, का ते तुला माहितीय.

गेला नसशील तर आज मंगळवार आहे. त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये केसपेपर काढ, कान-नाक-घसा विभाग विचार, आणि तिथे "कान सुजलाय" असं नको सांगू, "बुधवारी कुस्तीत मार लागून कानात रक्त साठलंय, सहावा दिवस आहे" असं सांग, म्हणजे तुला सूज उतरायच्या गोळ्या देऊन परत पाठवणार नाहीत. आईला बरोबर घे. आणि जायच्या आधी बोटाने दाबून बघ, कसं लागतं ते मला एका ओळीत कळव, द्राक्ष, कणीक की हाड.